सवलतीची सही कुणाची?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत किंवा नाशिकच्या अंबडमध्ये यंत्रं विकायला फिरणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. "ते सगळं ठीक आहे, फायनल किती?" या प्रश्नावर तो जे उत्तर देतो, त्यातून कंपनीच्या वर्षभराच्या नफ्याचा मोठा हिस्सा ठरतो. सवलत किती द्यायची, ती कुणाच्या अधिकारात द्यायची आणि वरच्याची परवानगी कधी लागायची, हे नियम बहुतेक लहान-मध्यम कंपन्यांमध्ये कुणीतरी केव्हातरी तोंडी सांगितलेले असतात. "दहा टक्क्यांपर्यंत तुम्ही द्या, त्यापुढे मला विचारा." हे वाक्य ऐकायला अगदी समंजस वाटतं. पण या एका वाक्यामुळे पैसा कसा निसटतो, हे आकडे मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

उदाहरणासाठी कारखान्यांना लागणारे एअर कॉम्प्रेसर बनवणारी एक कंपनी घेऊ. ती काल्पनिक आहे, पण तिचे आकडे या धंद्यातल्या माणसाला ओळखीचे वाटतील असे आहेत. तिच्याकडे विकायला तीन तऱ्हेचा माल आहे. कॉम्प्रेसरची छापील किंमत ८,००,००० रुपये. त्यातला कच्चा माल, सुटे भाग आणि थेट मजुरी धरून खर्च ५,६०,०००. कॉम्प्रेसरबरोबर हवेतली ओल काढणारा ड्रायर लागतो. तो कंपनी दुसऱ्याकडून १,७०,००० ला विकत घेते आणि २,००,००० ला विकते. तिसरा माल म्हणजे फिल्टरचा संच. तो २०,००० ला विकला जातो आणि त्यावर खर्च होतो ८,०००.

आता "दहा टक्के तुमच्या अधिकारात" हा नियम या तिन्हींना लावू. कॉम्प्रेसर ७,२०,००० ला गेला तर १,६०,००० उरतात, म्हणजे विक्रीच्या २२ टक्क्यांच्या आसपास. फिल्टरचा संच १८,००० ला गेला तर १०,००० उरतात. ड्रायर १,८०,००० ला गेला तरी १०,०००च उरतात! पावणेदोन लाखांच्या वर किमतीची वस्तू विकून, ती पोहोचवून, बसवून, तिची हमी घेऊन कंपनीच्या हाती तेवढेच पैसे येतात जेवढे हातात मावणाऱ्या फिल्टरच्या खोक्यावर येतात. नियम तोच, टक्के तेच, आणि परिणाम इतका वेगळा. म्हणून परवानगीची मर्यादा सवलतीच्या टक्क्यांवर बांधायची नसते. सवलत दिल्यावर जे उरतं, त्यावर ती बांधायची असते. उरणाऱ्या या रकमेला धंद्यात मार्जिन म्हणतात आणि इथे ती विक्रीच्या किमतीच्या टक्केवारीत मोजू.

मार्जिन किती नाजूक असतं याचा अंदाज एका साध्या हिशेबातून येतो. छापील किमतीला दोन कॉम्प्रेसर विकले तर ४,८०,००० उरतात. दहा टक्के सवलत देऊन तेवढेच पैसे मिळवायचे, तर तीन कॉम्प्रेसर विकावे लागतात. ग्राहकाला दहा टक्केच सुटले, पण विकणाऱ्याचं काम दीडपट झालं. "सवलत देऊ, खप वाढेल" असं म्हणणाऱ्याने किती वाढायला हवा हा आकडा आधी मांडावा. पुष्कळदा तो मांडल्यावर बोलणं तिथेच थांबतं.

बिलावर दिसणारी सवलत ही तरी समोर दिसते. तिच्याहून जास्त त्रास देतात त्या बिलावर न दिसणाऱ्या सवलती. मायकेल मार्न आणि रॉबर्ट रोझिएलो या दोन सल्लागारांनी १९९२ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला होता. छापील किमतीपासून निघालेला पैसा पायरीपायरीने गळत कंपनीच्या खिशात शेवटी किती पोहोचतो, ते त्यांनी त्यात दाखवलं. या शेवटच्या रकमेला त्यांनी खिशात पडणारी किंमत असं नाव दिलं. आपल्याकडच्या सौद्यात ही गळती कशी होते ते पाहू.

विक्री इंजिनिअरने नागपूरच्या एका ग्राहकाला कॉम्प्रेसर ९ टक्के सवलतीने, म्हणजे ७,२८,००० ला दिला. दहाच्या आत आहे, कुणाला विचारायची गरज नाही. कागदावर १,६८,००० उरले, म्हणजे २३ टक्के. छान. पण ग्राहकाने वाहतूक कंपनीच्या गळ्यात घातली, तिचे १४,००० गेले. उधारी ३० दिवसांऐवजी ९० दिवसांची मागितली आणि इंजिनिअरने हो म्हटलं. कंपनी बँकेला १२ टक्के व्याज भरते, तेव्हा जास्तीच्या ६० दिवसांचे साधारण १४,४०० झाले. पहिल्या सर्व्हिसचा फिल्टर संच फुकट दिला, त्याचे ८,०००. हमी एक वर्षाने वाढवून दिली, आणि मागच्या तक्रारींच्या अनुभवावरून तिचा सरासरी खर्च १०,००० धरावा लागतो. सगळे मिळून ४६,४०० गेले. उरले १,२१,६००, म्हणजे १७ टक्क्यांहूनही थोडे कमी. नियम कुठेच मोडला नाही, तरी खरी सवलत ९ टक्के नव्हती, जवळजवळ १५ टक्के होती.

इंजिनिअरवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. त्याला ज्या एकाच गोष्टीची मर्यादा घालून दिली होती ती त्याने पाळली आणि ज्यांना मर्यादा नव्हती त्या मोकळ्या हाताने दिल्या. उधारीचे दिवस, भाडं, फुकटचे भाग आणि वाढीव हमी या चार गोष्टी परवानगीच्या हिशेबात आल्याच पाहिजेत. एरवी बिलावरची सवलत कितीही आवळली तरी पैसा या चार दारांनी बाहेर जातो. माझ्या मते कुठल्याही कंपनीने या कामाला लागताना पहिल्यांदा एवढंच करावं. गेल्या वर्षाची सगळी बिलं काढावीत आणि प्रत्येक बिलाच्या पुढे या चार गोष्टींचा खर्च लिहून खरं मार्जिन काढावं. मोठ्या ऑर्डरला जास्त सवलत दिली जाते, असं प्रत्येक मालक सांगतो. बिलं मांडून पाहिली की अनेकदा दिसतं, की सवलतीचा ऑर्डरच्या आकाराशी फारसा संबंधच नाही. ज्या ग्राहकाने जास्त ओढून धरलं, त्याला जास्त मिळालं.

मग मर्यादा ठरवायच्या कशा? सुरुवात उद्दिष्टापासून करावी लागते. आपल्या कंपनीचा पगार, जागा, वीज, कार्यालय असा बांधील खर्च विक्रीच्या १४ टक्के आहे आणि तिला ८ टक्के नफा हवा आहे असं धरू. म्हणजे वर्षभराच्या सगळ्या विक्रीवर, गळती वजा जाता, सरासरी २२ टक्के उरायला हवेत. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे हा २२ चा आकडाच विक्री इंजिनिअरची मर्यादा म्हणून लिहून टाकणं. माणसाला जिथपर्यंत न विचारता जाता येतं तिथपर्यंत तो जातोच, कारण समोरचा ग्राहक त्याला तिथपर्यंत ढकलतो. अधिकार २२ पर्यंतचा दिला, तर बहुतेक सौदे २२ वरच बसतील. मग परवानगी घेऊन केलेले खालचे सौदे त्यात मिसळले की सरासरी २२ च्या खाली जाणार हे ठरलेलंच.

म्हणून उद्दिष्टाच्या वरून सुरुवात करायची. इंजिनिअरने स्वतःच्या अधिकारात खरं मार्जिन २४ टक्क्यांपर्यंत खाली आणावं. शाखेच्या व्यवस्थापकाने २० पर्यंत, विक्रीप्रमुखाने १६ पर्यंत. त्याखाली मालक आणि हिशेब पाहणारा माणूस, दोघांच्याही सह्या लागतील. आता सगळ्यांत वाईट शक्यता धरून तपासू, की प्रत्येकजण आपापल्या मर्यादेच्या अगदी तळालाच सौदा करतो. विक्रीतला ६० टक्के भाग इंजिनिअरच्या पातळीवर मिटला, ३० टक्के व्यवस्थापकाच्या आणि १० टक्के विक्रीप्रमुखाच्या, तर सरासरी येते बरोबर २२. म्हणजे या मर्यादा उद्दिष्टाला धरून आहेत. पण त्या ६०-३०-१० या वाटणीवरच टिकून आहेत, हेही इथेच लक्षात घ्यायला हवं. हीच वाटणी ४०-४०-२० झाली की सरासरी २०.८ वर येते. वर्षाची विक्री २० कोटींची असेल तर हे २४ लाख रुपये होतात. आणि या वेळीही नियम कुणी मोडलेला नसतो, प्रत्येक सौद्यावर योग्य माणसाची सही असते. त्यामुळे एकेका सौद्याची मर्यादा पुरेशी नाही. किती विक्री कुठल्या सहीवर होते आहे, हा दुसरा आकडा दर महिन्याला डोळ्यांसमोर हवा, कंपनीचा आणि प्रत्येक इंजिनिअरचाही.

इंजिनिअरला या टक्क्यांचं काय करायचं? ग्राहकासमोर बसलेल्या माणसाला किंमत हवी असते. कॉम्प्रेसरवर खर्च ५,६०,००० असेल, तर २४ टक्के उरण्यासाठी किंमत यायला हवी सुमारे ७,३७,०००. २० टक्क्यांसाठी ७,००,०००. १६ टक्क्यांसाठी ६,६७,०००. हिशेब सोपा आहे. शंभरातून हवं ते मार्जिन वजा करायचं आणि खर्चाला त्या टक्क्यांनी भागायचं. हे तीन आकडे प्रत्येक मालापुढे लिहून दिले की काम होतं. कोटेशनच्या तक्त्यात भाडं, उधारीचे दिवस आणि फुकटच्या वस्तू भरल्या की त्या रकमा किमतीतून आपोआप वजा व्हाव्यात, आणि उरलेली रक्कम या तीन आकड्यांपैकी कुठे बसते ते दिसावं. वर पाहिलेल्या नागपूरच्या सौद्यात ७,२८,००० मधून ४६,४०० गेल्यावर ६,८१,६०० उरले होते. तो सौदा विक्रीप्रमुखाच्या टेबलावर जायला हवा होता. प्रत्यक्षात तो कुणाच्याच टेबलावर गेला नाही.

मूळ खर्च इंजिनिअरला सांगावा की नाही, याबद्दल मालकांमध्ये दोन मतं असतात. सांगितला तर तो कधी ना कधी ग्राहकापर्यंत पोहोचतो, ही भीती खोटी नाही. तीन किमती दिल्या की खर्च न सांगताही काम भागतं. पण त्यामागचं कारण मात्र त्याला सांगायला हवं. ड्रायरवर आपल्याला तीन टक्केसुद्धा का सोडता येत नाहीत, हे ज्याला समजलेलं असतं तो ग्राहकापुढे ठाम बसतो. ज्याला नुसती मर्यादा माहीत असते तो म्हणतो, "माझ्या हातात नाही, साहेबांना विचारतो." ते ऐकताच खरेदी करणाऱ्याला कळतं, की अजून जागा आहे.

परवानगीच्या मर्यादांशी उलट्या दिशेने ओढणारी एक गोष्ट म्हणजे कमिशन. विक्रीच्या रकमेवर एक टक्का कमिशन असलेल्या इंजिनिअरने किंमत ७,२८,००० वरून ७,००,००० वर आणली, तर कंपनीचे २८,००० जातात आणि त्याचे जातात २८० रुपये. ऑर्डर हातची जाण्याच्या भीतीपुढे २८० रुपये काहीच नाहीत. त्याने सवलत द्यावी अशीच ही रचना आहे. चार्ल्स वाइनबर्ग या अभ्यासकाने १९७५ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं, की कमिशन विक्रीवर न देता मार्जिनवर दिलं तर विक्रेत्याला फायद्याची किंमत आणि कंपनीला फायद्याची किंमत एकच ठरते. त्या गणितात काही गृहीतकं आहेत, व्यवहार इतका सरळ नसतो. तरीही कमिशन निदान अर्धं तरी मार्जिनवर ठेवल्याशिवाय नुसत्या सह्यांनी हा प्रश्न सुटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग सगळेच अधिकार काढून घ्यावेत का? अमेरिकेत रुग्णालयांना साहित्य पुरवणाऱ्या शंभराहून अधिक वितरकांचा अभ्यास स्टीफन्सन, क्रॉन आणि फ्रेझर यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या कंपन्यांनी विक्रेत्यांना किमतीचे सर्वाधिक अधिकार दिले होते, त्यांची विक्रीची आणि नफ्याची कामगिरी इतरांपेक्षा कमी भरली. यावरून काही मालक सरळ कुलूप लावून टाकतात. पण स्पर्धकाने खरंच किती किंमत दिली आहे, ग्राहकाचं जुनं यंत्र बंद पडून किती दिवस झाले, त्याला माल कधी हवा आहे, हे जागेवर फिरणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. यंत्र बंद पडून उत्पादन थांबलेल्या ग्राहकाला सवलतीपेक्षा चार दिवसांत माल हवा असतो. कार्यालयात बसून सही करणाऱ्याला हे दिसत नाही.

परवानगीला वेळ किती लागतो, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागत असतील, तर इंजिनिअर एक मार्ग शोधतो. तो आधी ग्राहकाला हो म्हणतो आणि मग फोन करतो, "साहेब, पार्टीला शब्द दिलाय." आता वरच्याला नकार देणं म्हणजे कंपनीची पत घालवणं. ती परवानगी नावापुरती उरते. व्यवस्थापकाचं उत्तर त्याच दिवशी, जमलं तर दोन-तीन तासांत मिळायला हवं. आणि मागणी पाठवताना 'स्पर्धा आहे' एवढंच कारण चालता कामा नये. सवलतीच्या बदल्यात ग्राहक काय देतो आहे ते लिहिलेलं हवं. ३० टक्के आगाऊ रक्कम, ९० ऐवजी ३० दिवसांत पैसे, वार्षिक देखभालीचा करार, किंवा दोन यंत्रांची एकत्र ऑर्डर. उधारी ६० दिवसांनी कमी झाली, तर वरच्या हिशेबाप्रमाणे १४,४०० रुपये परत आले. तेवढी सवलत मग निश्चिंतपणे देता येते.

नियम चालू झाल्यावर तो बिघडला आहे का, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. सगळ्या सौद्यांची सवलत एका आलेखावर मांडावी. मर्यादेच्या अगदी अलीकडे मोठा ढीग आणि पलीकडे जवळजवळ काहीच नाही, असं दिसलं तर ती मर्यादा म्हणजेच नेहमीची किंमत झाली आहे. एकाच ग्राहकाची दोन-तीन लहान कोटेशनं लागोपाठ दिसली, तर मोठी ऑर्डर वरच्या सहीच्या खाली बसवण्यासाठी तोडली असण्याचा संभव असतो. एका ग्राहकाचा तीन महिन्यांतला सगळा माल एकत्र धरला की ते थांबतं. वर गेलेल्या मागण्यांपैकी जवळपास सगळ्याच मंजूर होत असतील, तर एकतर खालच्या मर्यादा उगाच घट्ट आहेत किंवा वरचा माणूस न वाचता सही करतो आहे. आणि मार्चचा शेवटचा आठवडा वेगळा काढून बघावा. वर्षअखेरचं टार्गेट गाठण्यासाठी त्या आठवड्यात मर्यादा सैल होतात, हे खरेदी विभागांना पक्कं ठाऊक असतं. जानेवारीत घ्यायचं यंत्र ते मार्चअखेरपर्यंत लांबवतात. आपणच त्यांना ती सवय लावलेली असते.

एक बिघाड मात्र यांपैकी कुठल्याच आलेखात दिसत नाही. मोटारीतलं तांबं, पोलाद, ओतकाम यांचे भाव चढतात आणि किमतीच्या तक्त्यातला खर्च जुनाच राहतो. कॉम्प्रेसरचा खर्च ४ टक्क्यांनी वाढून ५,८२,४०० झाला आणि इंजिनिअरची मर्यादा ७,३७,००० वरच राहिली, तर २४ ऐवजी २१ टक्केच उरतात, तेही कुणाच्याही परवानगीशिवाय. दर तीन महिन्यांनी खर्च नव्याने काढणं आणि तांब्या-पोलादाने मोठी उडी मारली तर मध्येच काढणं, हे काम विक्री विभागाचं नाही. ते हिशेब विभागाच्या नावावर, तारखेसह लिहिलेलं हवं.

शेवटचा अडसर आहे खास सौद्यांचा. "मशीन रिकामं आहे, दहा टक्के उरले तरी फायदाच" हा युक्तिवाद एका सौद्यापुरता खरा असतो, कारण बांधील खर्च तसाही होणारच असतो. पण तो १४ टक्के बांधील खर्च कुणीतरी भरायचाच आहे. असे सौदे वाढले की भरणारा कुणी उरत नाही. म्हणून १६ टक्क्यांखालचा सौदा वर्षाच्या सरासरीतून वगळायचा नाही, तो त्यातच मोजायचा. दुसरं म्हणजे ग्राहकाच्या संगणकात शेवटची किंमत नोंदलेली राहते आणि पुढच्या ऑर्डरचं बोलणं तिथूनच सुरू होतं. कोटेशनवर हा दर याच ऑर्डरपुरता आणि अमुक तारखेपर्यंत असं लिहावंच, पण त्याने सगळं भागत नाही. ७,३७,००० चा कॉम्प्रेसर ६,६७,००० ला देण्याची परवानगी मागणाऱ्या कागदावर ७०,००० चा फरक दिसतो. हाच ग्राहक पुढच्या काही वर्षांत आणखी तीन यंत्रं घेणार असेल आणि त्याच दरावर अडून बसणार असेल, तर तो फरक २,८०,००० चा आहे. सही करणाऱ्यापुढे हा दुसरा आकडा आला पाहिजे, आणि तो मागणी करणाऱ्यानेच स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा.